खर्चाच्या यादीआधी तीन प्रश्न

पुण्यातलं एक चौकोनी कुटुंब घ्या. महिन्याच्या खर्चाची त्यांची यादी अशी: किराणा ९,०००, दूध २,५००, भाजी-फळं ४,०००, पेट्रोल ३,५००, वीज-गॅस-मोबाइल ३,५००, कामाच्या मावशी २,५००, औषधं १,५००, हॉटेल-सिनेमा ३,५००. एकूण ३०,०००. ‘याचं बजेट करून द्या’ म्हटलं की अनेकजण लगेच किराण्याला कात्री लावतात. पण नुसत्या यादीवरून ३०,००० जास्त की कमी, हे कळत नाही. आधी तीन गोष्टी विचारायला हव्यात.

पहिला प्रश्न, हातात किती येतात? पगार कागदावर ७५,००० असला, तरी पीएफ, व्यवसाय कर आणि प्राप्तिकर कापून खात्यात ६६,००० जमा होतात. हिशेब याच आकड्यावर करायचा. वहिनींच्या शिकवणीचे पैसे मे महिन्यात येत नाहीत, म्हणून ते यात धरायचे नाहीत. ते वेगळे ठेवून दिवाळी आणि कपड्यांसाठी वापरायचे.

दुसरा प्रश्न, न टळणारे खर्च कोणते? गृहकर्जाचा हप्ता २१,००० आणि सोसायटीचा मेंटेनन्स २,५०० लगेच आठवतात. शाळेची वर्षाची फी ४८,००० आणि विम्याचा हप्ता २४,००० मात्र यादीतून सुटतात, कारण ते दर महिन्याला येत नाहीत. त्यांना बाराने भागलं की महिन्याला ४,००० आणि २,००० होतात. असे एकूण २९,५०० झाले. ही रक्कम दरमहा बाजूला काढली नाही, तर जूनमध्ये फी क्रेडिट कार्डावर जाते आणि थकबाकी दिवाळीपर्यंत फिटत नाही. दरवर्षी त्याच महिन्यात ओढाताण होत असेल, तर वार्षिक खर्च हिशेबातून सुटला आहे असं समजावं.

तिसरा प्रश्न, बचत कशासाठी आणि कधीपर्यंत? ‘जमेल तेवढी’ हे उत्तर चालत नाही. या कुटुंबाला नोकरी गेली तर तीन महिने निभावेल एवढी गंगाजळी हवी आहे. महिन्याचा सगळा खर्च ५९,५००, म्हणजे साधारण १,८०,००० रुपये. दीड वर्षात ते जमवायचे, तर महिन्याला १०,००० लागतील.

आता बेरीज-वजाबाकी सोपी होते. ६६,००० मधून ५९,५०० वजा केले की उरतात ६,५००. तूट ३,५०० ची आहे. दूध-भाजी आणि औषधं कमी करण्यात अर्थ नाही. हॉटेल-सिनेमा २,००० वर आणला की बचत ८,००० होते आणि गंगाजळी तेवीस महिन्यांत तयार होते. पाच महिने जास्त लागतील, पण हे बजेट पाळता येईल.

पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशी हे ८,००० आवर्ती ठेवीत आपोआप जातील, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेरीस उरतील त्यातून बचत करू म्हटलं, तर सहसा काहीच उरत नाही.