सतरावी पट्टी दिसली पाहिजे

रात्रीचा प्रसंग सुरू होतो आणि नायकाचे केस, काळा कोट आणि मागची भिंत यांचा मिळून एकच डाग दिसतो. घरातलं कुणीतरी रिमोट उचलून ‘ब्राइटनेस’ वाढवतं. कोट दिसतो, पण काळोखच राखेसारखा फिका पडतो. अशा वेळी दोष बहुधा टीव्हीत नसतो, आकडा अंदाजाने बदलण्यात असतो. तो नेमका ठरवायला AVS HD 709 हा फुकट मिळणारा पॅटर्नचा संच पुरतो. त्याच्या MP4 फाइली पेनड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावता येतात.

आधी टीव्ही अर्धा तास चालू ठेवावा. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडावा आणि खोलीतल्या उजेडानुसार चित्र आपोआप बदलणारी सोय बंद करावी. ती चालू राहिली तर आपण लावलेला आकडा टीव्ही स्वतःच खोटा ठरवतो. खोलीत रोज सिनेमा बघताना असतो तेवढाच उजेड ठेवावा.

आता काळ्या पट्ट्यांचा पॅटर्न लावायचा. नेहमीच्या व्हिडिओत 16 म्हणजे पूर्ण काळं आणि 235 म्हणजे पूर्ण पांढरं. पडद्यावर आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्या लुकलुकतात. त्यांतल्या 16 पर्यंतच्या दिसता कामा नयेत, 17 ची मात्र अगदी पुसट दिसायला हवी. समजा, ब्राइटनेस 50 वर असताना पहिली दिसणारी पट्टी 21 ची आहे. म्हणजे मधल्या चार छटा काळोखात बुडाल्या. नायकाचा कोट तिथेच हरवला होता. एकेक आकडा वाढवत जावं. 53 वर 17 ची पट्टी उमटली आणि 54 वर 16 चीही लुकलुकू लागली, तर 53 वर परत यावं. या बटणाचं नाव फसवं आहे: ते उजेड नव्हे, काळ्याची पातळी ठरवतं. काही नव्या टीव्हींत म्हणूनच ते ‘ब्लॅक लेव्हल’ या नावाने सापडतं.

पांढऱ्या पट्ट्यांसाठी ‘कॉन्ट्रास्ट’ वापरायचा. 234 पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसेपर्यंत तो कमी करावा आणि मग काळ्याचा पॅटर्न पुन्हा एकदा बघावा, कारण एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं.

पेनड्राइव्हवर सगळं जुळलं, पण सेट-टॉप बॉक्सवर चित्र पुन्हा काळवंडलं, तर ब्राइटनेसला हात लावू नये. बॉक्स आणि टीव्ही यांची एचडीएमआय रेंज वेगळी असू शकते. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ ठेवून बघावं. शिवाय अनेक टीव्ही प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं जपतात.

पांढऱ्यात निळसर झाक किती आहे, हे मात्र डोळ्यांनी मोजता येत नाही, कारण डोळा त्या झाकेला काही मिनिटांत सरावतो. त्यासाठी मोजणारं यंत्रच लागतं.

जुळलेले आकडे कागदावर लिहून ठेवा. टीव्ही कधी रीसेट झाला, तर तेच पुन्हा भरावे लागतील.