तांब्याच्या नळीचा पक्का डाख

तांब्याच्या नळीचा जोड टिकतो तो नळी आणि फिटिंग यांच्यामधल्या बारीक फटीत ओढल्या गेलेल्या डाखामुळे. बाहेर दिसणारी कड जोडाला फारसे बळ देत नाही. वितळलेला डाख या फटीत केशाकर्षणाने, अगदी वरच्या दिशेनेही, चढतो. मात्र तो फक्त स्वच्छ धातूलाच धरतो.

१५ मिलिमीटरच्या नळीचे टोक आणि फिटिंगची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासतात व लगेच फ्लक्सचा पातळ थर देतात. फ्लक्स उरलासुरला ऑक्साइड काढतो आणि तापताना नवा चढू देत नाही.

ज्योत मुख्यतः फिटिंगवर फिरवतात, डाखाच्या तारेवर नाही. पिण्याच्या पाण्यासाठीचा शिसेविरहित कथील-तांबे डाख सुमारे २२७ अंश सेल्सियसला वितळू लागतो. ज्योत बाजूला घेऊन तार विरुद्ध बाजूने टेकवावी. ती वितळून आत ओढली गेली, तर उष्णता पुरेशी आहे. साधारण नळीच्या व्यासाएवढी तार पुरते.

डाखाचे मणी होऊन घरंगळले, तर जोड कोरडा राहतो. पृष्ठभाग मळकट असतो, उष्णता कमी पडलेली असते किंवा जास्त तापून फ्लक्स काळा पडलेला असतो. नळीत थोडे पाणी उरले, तरी ते उष्णता खाते. अशा जोडावर वरून डाख थापून गळती थांबत नाही. तो तापवून सोडवावा, घासावा आणि फ्लक्स लावून पुन्हा जोडावा. डाख गोठेपर्यंत नळी हलवू नये. थंड झाल्यावर फ्लक्स ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर तांबे हिरवे पडते.