बादली की बाटली?

लांबच्या प्रवासात हा खेळ खेळायला काहीच लागत नाही. एकाने मनात शब्द धरायचा, बाकीच्यांनी अक्षरांविषयी प्रश्न विचारायचे आणि त्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. नवखा भिडू लगेच ‘क पासून सुरू होतो का?’ असं विचारतो. ‘नाही’ आलं की एकच अक्षर गळतं, बाकीचा ढीग तसाच राहतो. मुरलेला भिडू असा प्रश्न शोधतो की उत्तर काहीही आलं तरी निम्मे शब्द बाद व्हावेत. सलग पाच वेळा निम्मे केले तर बत्तीसांतून एक उरतो.

मराठीत याची सोय वर्णमालेनेच करून ठेवली आहे, कारण क ते म ही पंचवीस अक्षरं पाच-पाचांच्या वर्गांत बसवलेली आहेत. समजा, शब्द तीन अक्षरी आहे एवढं कळलंय. पहिलं अक्षर क ते म मधलं? हो. क किंवा च वर्गातलं? नाही. प वर्गातलं? हो. प किंवा फ? नाही. ब? हो. इथवर ब पक्का झाला, आता काना-मात्रेकडे वळायचं. पहिल्याला काना? हो. शेवटच्याला वेलांटी? हो. आता ‘जोडाक्षर, अनुस्वार किंवा उकार, यांतलं काही आहे का?’ असा एकत्र प्रश्न टाकावा. या गोष्टी एकेकट्या विचारल्या तर बहुधा ‘नाही’च येतं आणि प्रश्न फुकट जातात. इथेही ‘नाही’ आलं, म्हणजे बांगडी आणि बाहुली एका फटक्यात गेल्या. चटकन आठवणारे उरले बातमी, बासरी, बाजरी, बादली, बाटली. शेवटी ल? हो. मधलं द? हो. बादली!

मात्र अक्षरं निम्मी केली म्हणजे शब्द निम्मे झाले असं नाही. ङ, ञ, ण यांनी शब्द सुरूच होत नाहीत, ठ आणि ढ यांनी थोडे होतात, तर क, प, स यांच्यामागे शब्दांची रांग असते. म्हणून मोजायचे ते शब्द.

खरी भांडणं उत्तर देणाऱ्यावरून होतात. ‘सूर्य’मध्ये र आहे का? रफार विसरून तो ‘नाही’ म्हणतो आणि सगळे भलत्याच गल्लीत शिरतात. वेलांटी पहिली की दुसरी, श की ष, हे तर बोलताना कानाला नीट कळतही नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ विचारायचं नाही आणि रफाराला र धरायचं, हे आधीच ठरवावं. तरीही एकही शब्द बसेना झाला, तर नवा प्रश्न विचारू नये. जोडाक्षराविषयी जे उत्तर मिळालं होतं, तेच आधी पुन्हा विचारावं. घोळ बहुतेकदा तिथेच सापडतो.