मर्ज झालेल्या ब्रँचेसचा पसारा

प्रोग्रॅमरने कोड पाठवला की तो उतरवून घ्यायचा, जुळवायचा आणि चाचण्या चालवायच्या, हे काम सॉफ्टवेअर कंपन्यांत वेगळी यंत्रं करतात. त्यांना बिल्ड एजंट म्हणतात. त्यांना काम वाटून देणाऱ्या प्रणालींमध्ये जेन्किन्सचं नाव जुनं. कोहसुके कावागुची यांनी ती सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ‘हडसन’ या नावाने लिहिली, 2011 साली ती जेन्किन्स झाली. या एजंटांचं एक दुखणं ठरलेलं आहे. काल चाललेली चाचणी आज पडते, प्रोग्रॅमर आपल्याच कोडमध्ये तासभर चूक शोधतो, आणि लॉगमध्ये खूप वर कुठेतरी एक ओळ सापडते: `No space left on device`.

जागा जाते कुठे, हे एक हिशेब मांडून पाहू. एजंटची डिस्क 100 जीबी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि अवजारं वगळून 88 उरतात. एका ब्रँचसाठी जेन्किन्स एक फोल्डर करतो, तो वर्कस्पेस. त्यात कोड आणि त्याचा इतिहास 600 एमबी, बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या 900 एमबी आणि बिल्डमधून निघालेला माल 1 जीबी, म्हणजे साधारण अडीच जीबी. सहा जणांच्या टीममध्ये प्रत्येकाने आठवड्याला दोन नव्या ब्रँचेस काढल्या, तर तिसऱ्या आठवड्यात 36 फोल्डर होतात आणि डिस्क भरते. त्यात एकाच ब्रँचचे दोन बिल्ड एकदम लागले, तर शेवटी `@2` जोडलेला दुसरा फोल्डर तयार होतो. ब्रँच काढून टाकली की जेन्किन्स तिचा वर्कस्पेसही काढतो. पण मर्ज झालेली ब्रँच आठवणीने काढतो कोण?

इथे बहुतेक जण एका सेटिंगवर विसंबतात: ‘जुने बिल्ड टाकून द्या’. शेवटचे 20 बिल्ड ठेवायचे, बाकीचे काढायचे. सेटिंग चांगलंच आहे, पण ते मुख्य सर्व्हरवरचे लॉग आणि जपून ठेवलेले आर्टिफॅक्ट, म्हणजे तयार झालेल्या फाइली, काढतं. एजंटवरच्या वर्कस्पेसला ते हातही लावत नाही. सर्व्हर हलका होतो आणि एजंट तसाच तुंबलेला राहतो.

एजंटसाठी सरळ उपाय म्हणजे बिल्ड संपताच `cleanWs()` चालवणं. त्याची किंमत अशी, की पुढच्या बिल्डला कोड आणि लायब्रऱ्या मिळून दीड जीबी पुन्हा उतरवायचे. शिवाय मशीन मध्येच बंद पडलं तर ही पायरी येतच नाही. म्हणून मला मधला मार्ग बरा वाटतो: वर्कस्पेस काही दिवस राहू द्यायचे आणि रोज पहाटे तीनला क्रॉनने जुने तेवढे उडवायचे.

```
0 3 * * * find /home/jenkins/workspace -mindepth 1 -maxdepth 1 -type d -mtime +7 -exec rm -rf {} +
```

आठ दिवस न हललेला फोल्डर काढ, एवढाच याचा अर्थ. खोच आहे ती ‘न हललेला’मध्ये. लिनक्समध्ये फोल्डरची तारीख बदलते ती थेट त्याच्या आत काही आलं, गेलं किंवा नाव बदललं तरच. तीन पायऱ्या खाली रोज शेकडो फाइली बदलल्या, तरी वरच्या फोल्डरवर महिन्यापूर्वीची तारीख राहू शकते. मग रोज वापरातली मुख्य ब्रँचच जुनी ठरते आणि पहाटे चाललेल्या बिल्डच्या पायाखालून फोल्डर निघून जातो. यावर इलाज एका ओळीचा आहे. प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला `touch .` चालवायचं. वर्कस्पेसला आजची तारीख लागते आणि झाडूला ती दिसते.

तरीही काही फोल्डर हटत नाहीत. कंटेनरमध्ये रूट म्हणून चाललेल्या बिल्डने वर्कस्पेसमध्ये फोल्डर केले की त्यांचा मालक रूट होतो. त्यांतल्या फाइली `jenkins` हा साधा वापरकर्ता पुसू शकत नाही, `Permission denied` येतं आणि क्रॉनची कुरकुर बहुधा कोणी वाचत नाही. तेव्हा कंटेनर मुळातच `-u` देऊन `jenkins`च्या क्रमांकाने चालवायचा. रूटच्या क्रॉनने सगळं पुसता येतं, पण मार्ग टाइप करताना चुकला तर `rm -rf` दया करत नाही.

कधी `df -h` बरीच जागा मोकळी दाखवतं आणि लिहिणं तरी अडतं. तेव्हा `df -i` पाहावं. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ext4 वर त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरलेली असते. जावास्क्रिप्टच्या `node_modules` मधल्या हजारो चिमुकल्या फाइली जागेआधी तीच संपवतात.

जेन्किन्स स्वतःही पहारा देतो: मोकळी जागा 1 जीबीच्या खाली गेली की एजंटला नवं काम देणं थांबवतो. पण आपल्या उदाहरणात एका नव्या ब्रँचलाच अडीच जीबी लागतात. दोन जीबी मोकळे असलेला एजंट त्याच्या लेखी ठणठणीत असतो, काम घेतो आणि अर्ध्यावर कोसळतो. ही मर्यादा एजंटांच्या सेटिंगमध्ये बदलता येते. दोन बिल्ड एकदम चालत असतील, तर ती निदान 6 जीबी ठेवावी.