फळ्यावरचा ३६५

प्रेस शॉपच्या दारातल्या फळ्यावर खडूने आकडा लिहिला गेला: ३६५. वर्षभरात एकही अपघात नाही. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या या विभागात बोटं जाणं ही जुनी भीती. म्हणून इथल्या कामगारांचं अभिनंदन करताना त्यांची रोजची पाच मिनिटं पाहायला हवीत.

पाळी सुरू होताच ऑपरेटर पत्रा न ठेवता प्रेस तपासतो. ती चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे हात डायपासून लांब राहतात. तो आधी एकच बटण दाबतो, मग एक दाबून थोड्या वेळाने दुसरं. दोन्ही वेळा रॅम जागचा हलता कामा नये. हलला, तर सर्किट बिघडलेलं असतं. प्रेस तिथेच बंद.

डाय बदलताना मेन स्विच बंद करून प्रत्येक जण त्यावर आपलं कुलूप लावतो. किल्ली स्वतःच्याच खिशात. रॅमखाली आधाराचा ठोकळाही बसतो, कारण वीज गेली तरी वजन खाली येऊ शकतं.

फळ्याचा एक धोका मात्र आहे. आकडा मोडू नये म्हणून खरचटलेलं बोट लपवलं जातं. म्हणून इथे ‘थोडक्यात वाचलो’ अशी वही आहे. ती भरत राहिली, तरच ३६५ खरा मानायचा.