सात रुपयांची चिठ्ठी

सांगलीतलं एक हार्डवेअरचं दुकान धरू. मार्च संपलाय. पाइप आणि नळाचा माल देणाऱ्या होलसेल व्यापाऱ्याने आपला खातेउतारा पाठवलाय. त्यात दुकानाकडून 84,317 रुपये येणं दिसतं. दुकानाच्या लेजरला मात्र त्याच व्यापाऱ्याचं देणं 84,310 रुपये आहे. फरक सात रुपयांचा. मालक म्हणतात, “राउंड ऑफला टाका आणि मिटवा.” आठवड्यातून दोनदा येणारा अकाउंटंट तसं करत नाही. दोन दिवसांनी तो गल्ल्यापाशी एक चिठ्ठी ठेवून जातो:

“शेठ, सात रुपये राउंड ऑफचे नाहीत. राउंड ऑफचे फक्त तीन आहेत. बाकी तीन नोंदी तपासून खाली लिहिल्या आहेत. त्यातली एक तुमच्या फोनवरची आहे. बघून सांगा, मग एन्ट्री करतो.”

आकडे नमुन्याचे आहेत, पण चिठ्ठीतल्या चारही गोष्टी दर मार्चअखेरीला कुठल्या ना कुठल्या दुकानात निघतात. म्हणून ही चिठ्ठी ओळीओळीने वाचू.

पहिली ओळ आहे पैशांची. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण गल्ल्यात ते क्वचितच दिसतं. व्यवहारातून पैसे गेले तरी बिलातून गेले नाहीत, कारण टक्केवारीने कर लावला की पैसे आपोआप उगवतात. मग बिलाच्या तळाशी “राउंड ऑफ” अशी एक ओळ येते आणि रक्कम पूर्ण रुपयात बसवली जाते. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर खालचा. बिल एकच, नियमही एकच, तरी दोन दुकानांच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळा आकडा कसा येतो?

एक बिल उघडून पाहू. तीन वस्तू आहेत. 37 पीव्हीसी एल्बो, दर 11.35 रुपये, म्हणजे 419.95. सॉल्व्हंटचे 7 डबे, दर 48.60, म्हणजे 340.20. आणि 5 नळ, दर 188.90, म्हणजे 944.50. तिन्हींची बेरीज 1,704.65 रुपये. जीएसटी 18 टक्के, त्यातला 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा.

होलसेलवाल्याचा कॉम्प्युटर प्रत्येक वस्तूवर वेगळा कर काढतो. पहिल्या वस्तूवर 37.80, दुसरीवर 30.62, तिसरीवर 85.01. तिन्ही ठिकाणी पैशाचा अपूर्णांक वरच्या पैशात गेला. बेरीज 153.43 रुपये. एवढाच केंद्राचा, एवढाच राज्याचा. मालाची किंमत आणि दोन्ही कर मिळून 2,011.51, म्हणून बिल झालं 2,012 रुपयांचं.

आपल्या दुकानाचा कॉम्प्युटर आधी मालाची बेरीज करतो आणि मग एकदाच कर लावतो. 1,704.65 वर 9 टक्के म्हणजे 153.4185, अर्थात 153.42. दोन्ही कर धरून एकूण 2,011.49, म्हणून नोंद झाली 2,011 रुपयांची.

करात फरक होता एका बाजूला एक पैसा, दुसऱ्या बाजूला एक पैसा. पण हे दोन पैसे नेमके पन्नासच्या उंबरठ्यावर पडले. एकजण 49 वर राहिला, दुसरा 51 वर गेला आणि दोन पैशांचा रुपया झाला. गणित कुणाचंच चुकलेलं नाही.

तिमाहीत या व्यापाऱ्याची नऊ बिलं आली होती. चार बिलांत त्याचा आकडा रुपयाने जास्त निघाला, एका बिलात रुपयाने कमी, बाकीची चार तंतोतंत जुळली. निव्वळ फरक तीन रुपये. याला उपाय साधा आहे. खरेदीची नोंद करताना आपल्या कॉम्प्युटरने काढलेला कर न घेता समोरच्याच्या बिलावर छापलेला कर जसाच्या तसा टाकायचा, आणि राउंड ऑफची ओळही तीच. तसंही, ज्या कराची वजावट दुकानाला मिळते तो समोरच्याने भरलेल्या आकड्यावरूनच जीएसटीआर-2बी मध्ये दिसतो.

आता मालकांची बाजू. नऊ बिलं असतील आणि बिलामागे फार तर एक रुपया इकडेतिकडे होत असेल, तर सात रुपयांचा फरक राउंड ऑफचा असू शकतो. हा अंदाज चुकीचा नाही. उलट लेजर तपासताना पहिली चाचणी हीच लावतात: फरक बिलांच्या संख्येपेक्षा मोठा असेल तर तो पैशांचा नाही, दुसरं काहीतरी आहे. पण चाचणी फक्त एवढंच सांगते. फरक संख्येपेक्षा लहान आहे म्हणून तो पैशांचाच आहे, असं ती सांगत नाही. मालकांची गफलत इथेच झाली.

अकाउंटंटने काय केलं? दोन्ही उतारे शेजारी ठेवले आणि ओळीला ओळ लावत पेन्सिलने टिका मारत गेला. रुपयाच्या फरकाच्या बिलांपुढे छोटी फुली. शेवटी तीन नोंदी टिकेविना उरल्या.

पहिली नऊ रुपयांची. बिल 12,509 रुपयांचं होतं, मालकांनी 12,500 पाठवले आणि वरचे नऊ “कसर” म्हणून सोडून दिले. दुकानाच्या वहीत हे नऊ रुपये सूट म्हणून जमा झाले आणि देणं शून्य झालं. समोरच्याने मात्र फक्त आलेले 12,500 जमा धरले. कसर एकाने धरून चालत नाही, ती दोघांच्या वहीत लागते. दुकानदारीत ही सर्वांत जुनी खिंड आहे आणि बहुतेक वेळा ती बोलण्यातच राहून जाते.

दुसरी 175 रुपयांची. माल टेम्पोने आला होता. भाडं होलसेलवाल्याने दिलं आणि दुकानाच्या नावे टाकलं. त्याची चिठ्ठी चलनाला टाचलेली होती, पण नोंद बिलावरून होते, चलनावरून नाही. ती राहिली.

तिसरी नोंद फोनची. मालकांनी यूपीआयने 3,862 रुपये पाठवले. संध्याकाळी एन्ट्री करणाऱ्या मुलाला तोंडी सांगितलं, त्याने 3,682 टाकले. आठ आणि सहा जागा बदलून बसले. फरक 180 रुपयांचा.

शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की येणारा फरक नेहमी 9 ने भागला जातो. 62 चे 26 झाले तर 36, 91 चे 19 झाले तर 72. कारण सोपं आहे. एखादा अंक एककातून दशकात गेला की त्याची किंमत दसपट होते, म्हणजे नऊपटीने वाढते, आणि त्याच्या शेजाऱ्याची तेवढ्याच पटीने घटते. 180 ला 9 ने भागलं की 20 येतात. त्यावरून अनुभवी माणूस ओळखतो की अदलाबदल शतक आणि दशकाच्या जागी झाली आहे आणि त्या दोन अंकांमध्ये दोनचा फरक आहे. मग पूर्ण लेजर वाचायची गरज राहत नाही. 86 आणि 68 कुठे दिसतात, तेवढं शोधायचं.

पण वर दिसत होते सात, आणि सात 9 ने भागले जात नाहीत. एकाहून जास्त चुका मिसळल्या की ही युक्ती मुकी होते, म्हणून ओळीला ओळ लावण्याला पर्याय नाही.

आता बेरीज पाहा. राउंड ऑफमुळे दुकानाचं लेजर 3 रुपयांनी कमी. कसरीमुळे 9 ने कमी. टेम्पोभाड्यामुळे 175 ने कमी. एकूण 187 ने कमी. आणि दिलेली रक्कम कमी नोंदवल्यामुळे देणं 180 ने जास्त. 187 मधून 180 गेले, उरले सात. मालकांना दिसत होते सात रुपये, पण पोटात दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या.

यावर मालकांचा प्रश्न ठरलेला असतो: “पण कॉम्प्युटरमध्ये तेरीज तर जुळली होती!” जुळणारच. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत जातो. 3,682 रुपये व्यापाऱ्याच्या खात्यातही तेवढेच गेले आणि बँकेच्या खात्यातही. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणून तेरीज शांत. टेम्पोभाडं तर दोन्हीकडे पडलंच नाही. हाताने वह्या लिहीत तेव्हा नोंद एकाच बाजूला पडायची, बेरीज चुकायची आणि तेरीज ओरडायची. आजचं सॉफ्टवेअर दोन्ही बाजू सारख्या नसतील तर व्हाउचर घेतच नाही. त्यामुळे तेरीज जुळणं हा आता सॉफ्टवेअरचा गुण झालाय. नोंद बरोबर असल्याचा तो दाखला नाही.

फोनवरची चूक तेरजेत सापडत नाही, बँकेच्या उताऱ्यात सापडते. तिथे 3,862 गेलेले असतात आणि दुकानाच्या बँक खात्यात 180 रुपये फुकटचे शिल्लक दिसतात. दर महिन्याला बँकेचा उतारा मिळवला असता तर ही चूक मार्चपर्यंत पोचलीच नसती.

मग सात रुपये राउंड ऑफला टाकले असते तर काय बिघडलं असतं? व्यापाऱ्याशी आकडा जुळला असता. पण बँकेचा 180 रुपयांचा फरक तसाच राहिला असता, टेम्पोभाड्याचा खर्च पुस्तकात आला नसता, आणि एप्रिलमध्ये व्यापाऱ्याने भाड्याचे 175 मागितले असते तेव्हा कुणालाच काही आठवलं नसतं. राउंड ऑफचं खातंही एकदा उघडून पाहावं. पैसे कधी वर जातात, कधी खाली, त्यामुळे वर्षाअखेरीला ते शून्याच्या आसपास घुटमळायला हवं. ते एकाच बाजूला फुगत गेलं असेल, तर तिथे कुणीतरी न सापडलेले फरक नेऊन टाकतंय.

चिठ्ठीच्या शेवटी अकाउंटंटने चार एन्ट्री सुचवल्या होत्या: राउंड ऑफचे 3 व्यापाऱ्याला जमा, टेम्पोभाडं 175 खर्ची टाकून त्याला जमा, यूपीआयची रक्कम 3,682 ऐवजी 3,862, आणि कसरीबद्दल व्यापाऱ्याला फोन. मालकांनी फोन केला. नऊ रुपये त्याने सोडले. दोन्ही वह्यांत आता शिल्लक 84,308 रुपये आहे.