उरलेल्या तीस डब्यांची किंमत

महिनाअखेरीस दुकानात उरलेल्या मालाला कोणता खरेदीभाव लावायचा, हा प्रश्न भाव स्थिर असेपर्यंत पडतच नाही. एकच वस्तू एकाच महिन्यात दोन-तीन भावांनी घेतली गेली, की तो उभा राहतो. विक्रीतून खरेदीची किंमत वजा केली की ढोबळ नफा निघतो. पण विकलेल्या मालाची खरेदी-किंमत थेट मोजलेली नसते. महिन्याच्या सुरुवातीचा माल आणि नवी खरेदी यांच्या बेरजेतून शिल्लक मालाची किंमत वजा करून ती काढतात. त्यामुळे शिल्लक मालाची किंमत जितकी जास्त धरली जाईल, तितकाच नफा जास्त दिसतो.

खाद्यतेल हे याचे चांगले उदाहरण आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले आणि बाजारात तेलाचे भाव वर गेले. अशा महिन्यात एखाद्या किराणा दुकानाचा हिशेब कसा दिसेल, हे सोप्या आकड्यांनी पाहता येईल. पुढचे भाव केवळ उदाहरणासाठी धरले आहेत.

१ सप्टेंबरला दुकानात १,६०० रुपयांनी घेतलेले तेलाचे २० डबे होते. १० तारखेला १,६५० रुपयांनी ३० डबे आले. भाव वाढल्यावर २५ तारखेला १,९५० रुपयांनी आणखी ५० डबे घेतले. एकूण १०० डबे झाले आणि त्यांची खरेदी-किंमत १,७९,००० रुपये झाली. विक्री ७० डब्यांची झाली. त्यातले ४० डबे २५ तारखेपूर्वी १,७२० रुपयांनी गेले आणि ३० डबे नंतर २,०२० रुपयांनी. विक्रीचे १,२९,४०० रुपये आले आणि ३० डबे उरले.

पहिल्या पद्धतीत आधी आलेला माल आधी विकला गेला असे धरतात. हिला फिफो म्हणतात. मग उरलेले ३० डबे २५ तारखेच्या खरेदीतले ठरतात आणि त्यांची किंमत ५८,५०० रुपये होते. विकलेल्या डब्यांची खरेदी-किंमत १,२०,५०० रुपये आणि ढोबळ नफा ८,९०० रुपये.

दुसऱ्या पद्धतीत भारित सरासरी काढतात. १,७९,००० रुपयांना १०० डब्यांनी भागले की डब्याला १,७९० रुपये पडतात. शिल्लक माल ५३,७०० रुपयांचा होतो आणि नफा ४,१०० रुपये उरतो. इथे ‘भारित’ या शब्दाला महत्त्व आहे. १,६००, १,६५० आणि १,९५० या तीन भावांची नुसती बेरीज करून तीनने भागले, तर सुमारे १,७३३ रुपये येतात आणि ते चूक आहे. कारण महाग भावाने घेतलेले डबे निम्मे आहेत, एक तृतीयांश नाहीत.

दुकान तेच, गल्ला तोच, डबेही तेच. तरी नफ्यात ४,८०० रुपयांचा फरक पडला. हा फरक कुणी कमावला नाही आणि कुणाचा बुडालाही नाही. सप्टेंबरचा शिल्लक माल ऑक्टोबरचा सुरुवातीचा माल होतो. ज्या वहीत तो ५८,५०० रुपयांना लिहिला, तिथे ते डबे विकले जातील तेव्हा खर्च तितकाच जास्त पडतो आणि नफा कमी दिसतो. चढत्या भावात फिफो नफा आधी दाखवते, सरासरी तो पुढे ढकलते. भाव उतरू लागले की हेच उलट होते.

महिन्याच्या सरासरीत एक अडचण मात्र आहे. २५ तारखेचा वाढीव भाव तिने त्याआधीच विकलेल्या ४० डब्यांनाही लावला. म्हणून संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांना चलती सरासरी अधिक सोयीची पडते. तिच्यात प्रत्येक खरेदीनंतर सरासरी नव्याने काढतात. १० तारखेनंतर ती १,६३० रुपये होती, म्हणून पहिले ४० डबे त्याच भावाने गेले. उरलेले १० डबे १६,३०० रुपयांचे. त्यात नवे ५० मिळवले की ६० डबे १,१३,८०० रुपयांचे होतात, म्हणजे डब्याला सुमारे १,८९७ रुपये. शिल्लक ३० डबे ५६,९०० रुपयांचे आणि नफा ७,३०० रुपये. हा आकडा प्रत्यक्ष व्यवहाराच्या बराच जवळ जातो. पण प्रत्येक विक्रीची नोंद वेळेवर झाली तरच ही पद्धत चालते. वहीवर चालणाऱ्या दुकानात ते कठीण आहे.

अशा दुकानाला फिफो उलट सोपी जाते. माल मोजायचा, खरेदीची बिले नवी वर अशी लावायची आणि संख्या पुरी होईपर्यंत वरून खाली यायचे. ३० ऐवजी ६० डबे उरले असते, तर वरच्या बिलातले ५० डबे १,९५० रुपयांनी आणि त्याखालच्या बिलातले १० डबे १,६५० रुपयांनी धरावे लागले असते. नेमकी चूक इथेच होते: सगळ्या ६० डब्यांना शेवटचा भाव लावला जातो आणि ३,००० रुपयांचा नफा कागदावर उगाच वाढतो. सगळी शिल्लक एकाच भावाने लिहिलेली आणि तिची संख्या शेवटच्या खरेदीपेक्षा जास्त, असे दिसले की ही चूक पकडता येते.

भाव म्हणजे तरी काय? बिलातली किंमत, त्यात दुकानापर्यंतचे भाडे आणि हमाली मिळवायची, व्यापारी सूट वजा करायची. जीएसटीचा परतावा मिळत असेल तर तो कर किमतीत धरत नाहीत. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तो मिळत नाही, म्हणून त्याने तो धरावा. एमआरपी किंवा विक्रीभाव मात्र कधीच लावू नये, कारण त्यात अजून न झालेला नफा मिसळलेला असतो.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या ‘लेखा मानक २’ ला अशा मालासाठी या दोन्ही पद्धती मान्य आहेत. शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणे मान्य नाही. तारीख छापलेले, बॅचनुसार येणारे डबे आणि पाकिटे जुनी आधी विकली जातात, म्हणून त्यांना फिफो शोभते. कोठीत जुन्या-नव्या गव्हाची सरमिसळ होते, तिथे कोणते पोते आधी गेले हे सांगताच येत नाही, म्हणून सरासरी बरी. एकाच प्रकारच्या मालाला मात्र दरवर्षी एकच पद्धत हवी. यंदा नफा वाढवायला फिफो आणि पुढच्या वर्षी कर कमी करायला सरासरी, असे केले तर दोन वर्षांची तुलनाच होऊ शकत नाही.

विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर अंदाजित उत्पन्न दाखवणाऱ्या छोट्या दुकानदाराच्या करात यातल्या कोणत्याही पद्धतीने फरक पडत नाही. पण कॅश क्रेडिट घेतले असेल तर बँकेला मालाचे विवरणपत्र द्यावे लागते आणि किती रक्कम उचलता येईल हे त्यावरून ठरते. तिथे एक पद्धत आणि ताळेबंदात दुसरी, अशी तफावत बँकेच्या नजरेत येते.

दोन्ही पद्धतींवर एक मर्यादा सारखीच आहे. माल विकून जितके पैसे सुटतील, त्याहून जास्त किमतीला तो वहीत ठेवता येत नाही. सप्टेंबरअखेर तेल उतरून डबा १,८५० रुपयांनाच विकला जाणार असता, तर फिफोचे ५८,५०० रुपये ५५,५०० वर आणावे लागले असते आणि ३,००० रुपयांचा तोटा त्याच महिन्यात लिहावा लागला असता. महिन्याच्या सरासरीचे ५३,७०० रुपये आधीच त्याखाली असल्याने ते तसेच राहिले असते.